कागदपत्रांच्या यादीआधीचे दोन ठिपके : परभणीच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, परभणी यांस,



मी सेलूत राहणारा निवृत्त शिक्षक. उभी हयात मराठी शिकवण्यात गेली. आता शाळा नाही, पण ओसरीवर रोज दोन-चार माणसे येतात. कुणाला अर्ज भरून हवा असतो, कुणाला कार्यालयातून मिळालेला कागद वाचून हवा असतो. त्या कामात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आणि ती आपल्या कानावर घालावी असे वाटले. विषय लहान दिसेल, पण लोकांचे हेलपाटे त्यातून होतात. विषय आहे कागदपत्रांच्या यादीआधी दिल्या जाणाऱ्या दोन ठिपक्यांचा, म्हणजे अपूर्णविरामाचा.

मागच्या उन्हाळ्यात एक आजी आल्या. नातवाच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. एका कार्यालयाच्या भिंतीवर फलक होता, त्याचा फोटो कुणीतरी त्यांच्या सुनेच्या मोबाइलवर पाठवला होता. मी तो वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला:

आवश्यक कागदपत्रे :-
१) आधार कार्ड
२) मतदान कार्ड
३) पॅन कार्ड
४) रेशन कार्ड
५) लाइट बिल
६) सातबारा व आठ-अ
७) तलाठी अहवाल
८) फॉर्म १६
९) स्वघोषणापत्र

आजींकडे पॅन कार्ड नव्हते आणि फॉर्म १६ म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हते. त्यामुळे त्या महिनाभर गेल्याच नाहीत. पॅन काढायला टाकले आणि ते येण्याची वाट पाहत बसल्या. प्रत्यक्षात या नऊपैकी त्यांना लागणार होती ती चार-पाच, आणि त्यांतली बहुतेक घरातल्या पत्र्याच्या पेटीत होती.

'आपले सरकार' पोर्टलवर हीच सेवा उघडून पाहिली तर यादी एक नसते. ओळखीचा पुरावा वेगळा, पत्त्याचा पुरावा वेगळा, उत्पन्नाचा पुरावा वेगळा, आणि त्या प्रत्येक गटातले कोणतेही एक पुरते. स्वघोषणापत्र तेवढे सगळ्यांना अनिवार्य. आधार, मतदान कार्ड, पॅन हे ओळखीच्या गटातले. रेशन कार्ड, लाइट बिल हे पत्त्याच्या गटातले. फॉर्म १६ नोकरदाराच्या उत्पन्नाचा पुरावा. सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा. जो नोकरदार आहे त्याच्याकडे तलाठी अहवाल मागण्याचे कारण नाही आणि आजींकडे फॉर्म १६ असण्याचा प्रश्नच येत नाही. पण फलक रंगवताना कुणीतरी चारही गट एका माळेत ओवले आणि वर 'आवश्यक कागदपत्रे' लिहून दोन ठिपके आणि एक आडवी रेघ दिली.

चूक नेमकी कुठे झाली हे मी बरेच दिवस शोधत होतो. यादीतला एकही शब्द खोटा नाही. खोट आहे ती यादीच्या वरच्या ओळीत. 'आवश्यक कागदपत्रे' या दोन शब्दांत क्रियापद नाही. काय करायचे, किती आणायची, सगळी की एक, मूळ प्रती की झेरॉक्स, यातले काहीच ती ओळ सांगत नाही. आणि अपूर्णविराम तिला ते न सांगता निभावून जाऊ देतो. दोन ठिपके दिले की लिहिणाऱ्याला आपले बोलणे झाले असे वाटते. वाचणारा मात्र 'आवश्यक' हा शब्द नऊही ओळींना लावतो. त्याने तसे लावणे बरोबरच आहे.

शाळेच्या व्याकरणात अपूर्णविरामाचा नियम मी पोरांना शिकवत असे. वाक्याच्या शेवटी तपशील द्यायचा असेल तर हे चिन्ह द्यावे, असा तो नियम. त्यातल्या 'वाक्याच्या शेवटी' या शब्दांकडे आपण सगळ्यांनीच दुर्लक्ष केले आहे. आधी वाक्य झाले पाहिजे, क्रियापदापर्यंत पोचले पाहिजे, मग ठिपके. 'पुढील क्रमांकांचे विद्यार्थी उत्तीर्ण झाले : ३, ७, १२' यात 'झाले' आले आहे. क्रमांक झाकून ठेवले तरी वाक्य उभे राहते. 'आवश्यक कागदपत्रे' या ओळीखालची यादी झाकून वाचा, काहीच उभे राहत नाही.

हीच कसोटी मी आता सगळ्या पत्रकांना लावतो. यादीवर हात ठेवायचा आणि उरलेली ओळ वाचायची. तेवढ्यावरून घरी जाऊन काय शोधायचे आणि किती शोधायचे हे कळत असेल, तर ठिपके द्यायला हरकत नाही. कळत नसेल तर तिथे ठिपके नकोत, वाक्य हवे.

आता ठिपके उपयोगी कुठे पडतात ते सांगतो, कारण ते काढूनच टाका असे माझे म्हणणे नाही. यादी छोटी असेल, तिच्यातली सगळी कागदपत्रे सगळ्यांना लागणार असतील आणि संख्या आधीच सांगितलेली असेल, तर अपूर्णविरामासारखे सोयीचे चिन्ह नाही. उदाहरणार्थ, 'येताना ही तीन कागदपत्रे आणा : आधार कार्ड, बँक पासबुक आणि एक फोटो.' इथे ठिपक्यांच्या जागी पूर्णविराम दिला तर 'आधार कार्ड, बँक पासबुक आणि एक फोटो' हे तुकडे अधांतरी लोंबकळतात. ठिपके वाचणाऱ्याला सांगतात की थांब, अजून आहे, आणि जे येते आहे ते याच वाक्याचे आहे. पानाच्या तळाशी ओळ संपत असेल तेव्हा तर हे फार कामाचे. झेरॉक्सवाल्याने पाठीमागची बाजू काढली नसेल, तर पानाच्या शेवटी पूर्णविराम पाहून माणसाला वाटते कागद संपला. ठिपके दिसले तर तो पान उलटून पाहतो.

मराठीत याला आणखी एक बाजू आहे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे 'अर्जासोबत आधार कार्ड, पासबुक व फोटो जोडावा' असे साधे लिहिले तर ठिपक्यांची गरजच पडत नाही. यादी वाक्याच्या पोटातच बसते. तरीही मी पत्रकांत 'अर्जासोबत : आधार कार्ड, पासबुक, फोटो इत्यादी जोडावे' असे पाहतो. इथे ठिपक्यांनी 'अर्जासोबत' आणि क्रियापद यांची ताटातूट केली, आणि 'इत्यादी' शब्दाने उरलेसुरले गेले. कागदपत्रांच्या यादीत 'इत्यादी' लिहिणे म्हणजे माणसाला आणखी एका हेलपाट्याला मोकळे सोडणे. तीन-चार नावांपर्यंत ही पोटातली यादी चालते. सहा-सात नावे झाली की वाचणारा 'जोडावे' येईपर्यंत दमतो, ही नावे कशासाठी चालली आहेत हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. अशा वेळी क्रियापद पुढे आणावे, वाक्य पुरे करावे आणि मग यादी द्यावी.

'पुढीलप्रमाणे' आणि 'खालीलप्रमाणे' या शब्दांबद्दलही थोडे. हे शब्द मराठीत ठिपक्यांचेच काम करतात. मोडी लिपीत विरामचिन्हे नव्हती, तेव्हाच्या कारकुनांनी 'तपशील', 'येणेप्रमाणे' अशा शब्दांवरच याद्या चालवल्या. विरामचिन्हे आपल्याकडे इंग्रजी अमलात छापील पुस्तकांबरोबर रुळली. मेजर कँडी यांनी त्यांच्यावर 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तकच १८५० साली काढले. मग शब्दही राहिला आणि चिन्हही आले. 'कागदपत्रे पुढीलप्रमाणे आहेत' असे वाक्य 'आहेत'वर पूर्ण होते, तिथे सरळ पूर्णविराम द्यावा आणि खाली यादी द्यावी. काही अडत नाही. 'पुढीलप्रमाणे'वरच थांबायचे असेल तर मात्र ठिपके लागतात, कारण वाक्य अजून हवेत आहे. 'पुढीलप्रमाणे आहेत :-' असे दोन्ही करायचे, त्यावर आडवी रेघही ओढायची, याला कारण एवढेच की आधीच्या पत्रात तसे होते.

त्या आडव्या रेघेनेही घोळ होतो. ':-' च्या पाठोपाठ आकडा आला की रेघ आकड्याला चिकटते. 'फोटो :-२' हे एका मुलाने मला 'फोटो वजा दोन' असे वाचून दाखवले. 'फोटो दोन आणा' असे लिहिले असते तर त्याला विचारावे लागले नसते.

आणि देवनागरीपुरती खास अडचण म्हणजे विसर्ग. अक्षराला चिकटून दिलेला अपूर्णविराम हुबेहूब विसर्गासारखा दिसतो. 'नाव:' आणि 'नावः' यांतला फरक डोळ्याला कळत नाही. 'लागणारे दाखले मुख्यतः तीन: जन्माचा, जातीचा, रहिवासाचा' या ओळीत दोन ठिकाणी दोन-दोन ठिपके आहेत आणि दोघांचे काम वेगळे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना या दोघांची अदलाबदल झालेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि 'स्वतः' शब्दात विसर्गाऐवजी ठिपके टंकले असतील तर संगणकावर तो शब्द शोधून सापडत नाही. म्हणून आपल्याकडे छापील मजकुरात ठिपक्यांच्या आधी थोडी जागा सोडायची पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. पण मोबाइलवर त्याच जागेत ओळ तुटते आणि ठिपके एकटेच पुढच्या ओळीच्या आरंभी जाऊन बसतात. पूर्णविरामाला या दोन्ही अडचणी नाहीत. व्हॉट्सॲपवर जाणारे पत्रक असेल तर एवढ्यासाठीसुद्धा मी पूर्णविरामाकडे झुकतो.

पण पूर्णविराम मला हवा आहे तो मुख्यतः दुसऱ्याच कारणासाठी. तो क्रियापद मागतो. 'आवश्यक कागदपत्रे.' असे कुणी लिहीत नाही, लिहिले तर हाताला खटकते. पूर्णविराम द्यायचा म्हटले की लिहिणाऱ्याला 'आणा', 'जोडा', 'चालेल', 'लागणार नाही' यांपैकी काहीतरी लिहावे लागते, आणि ते लिहिताना त्याला स्वतःलाच ठरवावे लागते की सगळी आणायची की एक. जिथे पर्याय आहेत, अटी आहेत, अमुक असेल तर तमुक नको असे आहे, तिथे दोन ठिपक्यांखाली माळ न ओवता प्रत्येक गटाला आपले वाक्य द्यावे.

आजींचा फलक मी पुन्हा लिहून पाहिला. तो असा झाला:

तुमची ओळख पटवणारे एक कागदपत्र आणा. आधार कार्ड, मतदान कार्ड किंवा पॅन कार्ड यांपैकी कोणतेही चालेल.

तुमचा पत्ता दाखवणारे एक कागदपत्र आणा. रेशन कार्ड किंवा लाइट बिल चालेल.

उत्पन्नाचा पुरावा आणा. नोकरी असेल तर फॉर्म १६ आणा. शेती असेल तर ही तीन कागदपत्रे आणा : सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल.

स्वघोषणापत्र सगळ्यांनी द्यायचे आहे.

नऊ ओळींतली सगळी नावे यात आहेत, एकही गाळलेले नाही. जागा थोडी जास्त लागली. ठिपके एकदाच आले आणि तेही जिथे तिन्ही कागद एकत्रच लागतात तिथे. आजींच्या सुनेला मी हे एकदा वाचून दाखवले. ती उठली, घरी गेली आणि आधार कार्ड, रेशन कार्ड, सातबारा आणि आठ-अ घेऊन संध्याकाळी परत आली. तलाठ्याचा अहवाल तेवढा राहिला होता, आणि तो राहिला आहे हे तिला आता माहीत होते.

वाचून दाखवले, हे मी मुद्दाम लिहितो. आपल्या जिल्ह्यात सूचना वाचण्यापेक्षा ऐकल्या जास्त जातात. ग्रामसभेत कुणीतरी वाचून दाखवते, रिक्षावरच्या भोंग्यातून सांगितले जाते, मंदिराच्या ध्वनिक्षेपकावरून ओरडले जाते. ठिपके ऐकू येत नाहीत. 'आवश्यक कागदपत्रे' म्हणून नऊ नावे ओळीने ओरडली की ऐकणारा नऊ नावे घेऊन घरी जातो. 'यांपैकी कोणतेही चालेल' हे मात्र ऐकू येते.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या नऊही तालुक्यांतल्या घराघरांत गेले. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ रोजी निघाला. त्यात कागदपत्रांची यादी होती. नंतर जुलैच्या आरंभी अटी सैल झाल्या. अधिवास प्रमाणपत्र नसेल तर त्याऐवजी दुसरे पुरावे चालतील असे ठरले, आणि पिवळे किंवा केशरी रेशन कार्ड असणाऱ्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. ही सवलत तोंडोतोंडी आली तेव्हा मी ती वहीत एका ओळीत उतरवली : 'अधिवास नसल्यास : १५ वर्षांपूर्वीचे रेशन कार्ड, मतदान कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जन्म दाखला.' दुसऱ्या दिवशी पहिल्याच बाईने विचारले, 'गुरुजी, टीसी पण पंधरा वर्षांआधीचाच लागतो का?' मला माझ्याच ओळीवरून सांगता येईना. 'पंधरा वर्षांपूर्वीचे' हे विशेषण ठिपक्यांनंतर एकदाच आले होते. ते पहिल्या नावापुरते की चारही नावांना, हे ओळ सांगत नव्हती. चारही लागतात की एक, तेही ती सांगत नव्हती. चूक माझी होती. ठिपके देऊन मी वाक्यातून पळ काढला होता.

मग मी चौकशी करून ती ओळ मोडली आणि तीन वाक्ये केली. एका वाक्यात अधिवास प्रमाणपत्र असेल तर दुसरे काही नको हे सांगितले. दुसऱ्यात, ते नसेल तर या चारपैकी कोणतेही एक चालेल हे. तिसऱ्यात, किती जुने हवे ते ज्या कागदाला लागू आहे त्या कागदाच्या नावाला चिकटवून लिहिले. रेशन कार्डाच्या रंगाची सवलत या यादीत मी घातलीच नाही. ती उत्पन्नाच्या दाखल्याविषयी आहे, म्हणून तिचे वाक्य उत्पन्नाच्या दाखल्याशेजारी ठेवले. त्यानंतर तो प्रश्न पुन्हा आला नाही.

नुसते चिन्ह बदलून हे होत नाही, हेही मी अनुभवले. 'आवश्यक कागदपत्रे' मधले ठिपके खोडून 'खालील कागदपत्रे आणावीत.' असा पूर्णविराम दिला आणि खाली तीच नऊ नावे ठेवली, तर आजी पुन्हा महिनाभर थांबतीलच. पूर्णविरामाने क्रियापद आणले, पण 'एक' की 'सगळी' हे अजूनही लिहिणाऱ्यालाच सांगायचे आहे.

महोदय, हे मी आपल्याला का लिहितो आहे? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे सेवा ठराविक दिवसांत मिळण्याचा हक्क लोकांना आहे. पण ते दिवस मोजायला सुरुवात होते ती सर्व बाबतींत परिपूर्ण असलेला अर्ज मिळाल्यापासून. अर्ज परिपूर्ण आहे की नाही हे ठरते कागदपत्रांवरून. यादीच जर 'सगळी' आणि 'कोणतेही एक' यांत फरक करत नसेल, तर माणसाच्या हक्काचे दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. आजींचा महिना कुठल्याही नोंदवहीत विलंब म्हणून लागलेला नाही. त्यांनी अर्जच केला नव्हता.

पोर्टलवरचे मथळे राज्याकडून येतात, ते आपल्या हातात नसतील. पण जिल्ह्यातले भिंतीवरचे फलक, तहसीलमधून निघणारी प्रसिद्धिपत्रके, शिबिरांची पत्रके आणि ग्रामपंचायतींना जाणारे व्हॉट्सॲप संदेश हे इथेच लिहिले जातात. माझी विनंती एका सेवेपासून सुरुवात करण्याची आहे. उत्पन्नाचा दाखला घ्या, जूनमध्ये त्यालाच सर्वात जास्त गर्दी असते. त्याचा फलक नव्याने लिहून घ्या आणि रंगवण्याआधी एका कामासाठी आलेल्या तीन माणसांना तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. मग फलक झाकून प्रत्येकाला विचारा, घरून किती कागद आणाल आणि कोणते. तिघांची उत्तरे जुळली तर रंगवा. नाही जुळली तर कोणत्या ओळीवर ती फुटली ते पाहा. मला वाटते ती ओळ बहुतेक वेळा दोन ठिपक्यांनी संपलेली असेल.

आजींच्या फलकाचे मी केलेले नवे लेखन या पत्रात वर दिलेच आहे. त्यातली कागदपत्रांची नावे आपल्या कार्यालयातल्या जाणत्या माणसाने एकदा पोर्टलशी ताडून घ्यावीत, कारण पोर्टलवर प्रत्येक गटात याहून अधिक पर्याय आहेत आणि मी फक्त त्या फलकावरचीच नावे घेतली आहेत. मनरेगाचे जॉब कार्ड ओळखीसाठी चालते, ते त्या फलकावर नव्हते. ते मात्र जरूर घालावे. आपल्या गावांत पॅनपेक्षा ते अधिक घरांत सापडेल.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक
सेलू, जि. परभणी